जॉइनिंग बोनस परत करायची अट: सही करण्याआधी ती वाचायलाच हवी

"ऑफर लेटरमध्ये 'लवकर नोकरी सोडली तर जॉइनिंग बोनस आणि शिफ्टिंगचा खर्च परत करावा लागेल' असं लिहिलेलं असतं, त्याला अजिबात घाबरू नका. १) कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ नुसार ही अट बेकायदा आहे, कोर्टात टिकत नाही. २) खात्यात आलेला पैसा तुमचा, कंपनी काहीही करू शकत नाही. ३) शिफ्टिंगचा खर्च कंपनीचाच असतो, तो परत मागताच येत नाही. ४) हा मजकूर सगळीकडे सारखाच असतो, वाचण्यात वेळ घालवू नका. डोळे मिटून सही करा. सर्वांना पाठवा."

माझ्या भाचीने हा मेसेज मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग करू ना सही?" दुसऱ्या शहरातली नोकरी, तीन लाखांचा जॉइनिंग बोनस आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनीचा, अशी तिची ऑफर आहे. मी बरीच वर्षं एचआरमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे फुल अँड फायनलचे हिशेब करते. असल्या सल्ल्यावर विसंबलेली मुलं शेवटच्या आठवड्यात समोर येऊन बसतात, तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

कलम २७ पासून सुरुवात करू. कोणाला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो, असं ते कलम सांगतं. त्यामुळे 'आमची नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही' असं लिहून घेतलं तरी आपल्याकडे ते सहसा टिकत नाही. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. पण बोनस परत करायची अट तुम्हाला कुठेही जाण्यापासून रोखत नाही. जा, पण ठरल्याप्रमाणे पैसे देऊन जा, एवढंच ती म्हणते.

या फरकावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. त्यातल्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचं लिहून दिलं होतं. २००७ मध्ये तो त्या पदावर रुजू झाला, २००९ मध्ये राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेला. दोन लाख त्याने निषेध नोंदवून भरले आणि ते परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोकरीच्या काळापुरती असलेली ही अट कलम २७ चा भंग करत नाही, आणि त्याच्या पदाचा पगार बघता रक्कमही अवाजवी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. लक्षात घ्या, त्या अधिकाऱ्याला बँकेने वेगळा बोनस दिलेला नव्हता, तरी अट टिकली. जॉइनिंग बोनसमध्ये तर कंपनीने रोख पैसे आधीच हातात ठेवलेले असतात. 'कोर्टात टिकत नाही' असं ठोकून देणाऱ्याने हा निकाल वाचलेला दिसत नाही.

याचा अर्थ कंपनीने लिहिलेला कोणताही आकडा चालतो असा मात्र नाही. त्या निकालात बँक सरकारी होती, जाहिरात देऊन खुली भरती करण्याचा खर्च आणि वेळ तिला टाळता येत नव्हता, हे न्यायालयाने विचारात घेतलं. आणि त्याच कायद्यातलं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते, त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तीच मिळते. एक लाख बोनस देऊन 'सोडल्यास पाच लाख भरा' असं लिहिलं असेल तर तिथे भांडायला जागा आहे. जेवढे दिले तेवढेच, किंवा त्यातला उरलेला हिस्सा परत मागितला असेल, तर फारशी नाही.

दुसरा मुद्दा लवकर संपतो. कंपनीला तुमच्या मागे कोर्टात जावंच लागत नाही. शेवटच्या महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे तिच्याच हातात असतात, त्यातून ती वजावट करते. तेवढ्याने भागलं नाही तर रिलीव्हिंग लेटर अडतं, आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत 'हिशेब बाकी' असा शेरा जातो. पत्र अडवणं मला अजिबात पटत नाही, पण ते घडतं. पीएफला मात्र हात लावता येत नाही, तो या हिशेबात ओढू देऊ नका. आणि वसुलीवर कोणी १८ टक्के जीएसटी लावला तर ऑगस्ट २०२२ चं जीएसटी परिपत्रक दाखवा. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

शिफ्टिंगच्या खर्चाचंही असंच. अट असेल तर तो मागता येतो. फक्त इथे वेगळा घोळ आहे. ट्रकवाला आणि तात्पुरती राहायची जागा कंपनी परस्पर ठरवते, बिल तिच्याकडे जातं, आणि तुम्हाला तो आकडा सोडताना पहिल्यांदा कळतो. म्हणून 'प्रत्यक्ष झालेला खर्च, बिलांप्रमाणे, जास्तीत जास्त इतका' अशी मर्यादा आधीच लिहून घ्या.

आता चौथा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. मजकूर सगळीकडे सारखा असतो, म्हणे. मी भाचीचं लेटर मागवलं. त्यातली अट अशी: 'रुजू झाल्यापासून चोवीस महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास जॉइनिंग बोनसची संपूर्ण ढोबळ रक्कम परत करावी लागेल.' या एका वाक्यात तीन ठिकाणी पैसे जातात.

पहिलं ठिकाण म्हणजे 'ढोबळ'. तीन लाखांचा बोनस पगार म्हणून करपात्र असतो. भाची तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे, सेस धरून ३१.२ टक्के. म्हणजे ९३,६०० रुपये टीडीएस कापून तिच्या खात्यात २,०६,४०० येणार. परत करायचे मात्र तीन लाख. जे पैसे तिला कधी मिळालेच नाहीत, ते तिने स्वतःच्या बचतीतून भरायचे. सोडणं त्याच आर्थिक वर्षात झालं तर कंपनी उत्पन्न कमी दाखवून उरलेल्या पगारातल्या टीडीएसमध्ये ते जुळवू शकते. पण वर्ष ओलांडलं, कर भरला गेला, फॉर्म १६ निघाला, की तो कर परत मिळवणं तिच्या गळ्यात पडतं आणि तो मिळेलच याची खात्री नसते. 'हातात आलेली, म्हणजे कर वजा जाता रक्कम' एवढे शब्द घालून घेतले की हा प्रश्न मिटतो.

दुसरं ठिकाण 'संपूर्ण'. समजा तिने चौदा महिन्यांनी सोडलं. या अटीप्रमाणे पूर्ण तीन लाख द्यायचे. चौदा महिने केलेल्या कामाची किंमत शून्य, आणि तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी तेवढेच. हेच महिन्यांच्या प्रमाणात ठरलं असतं, तर उरलेल्या दहा महिन्यांचे सव्वा लाख भरावे लागले असते. प्रमाणात आणि कर वजा जाता, असं दोन्ही असतं तर ८६,००० रुपये. आणि मुदत बारा महिन्यांची असती तर काहीच नाही. माणूस तोच, काम तेवढंच, पण शब्दांप्रमाणे देणं तीन लाखांपासून शून्यापर्यंत बदलतं. 'वाचण्यात वेळ घालवू नका' हा सल्ला देणाऱ्याला हा फरक कोण भरून देणार आहे?

तिसरं आणि सगळ्यात वाईट, 'कोणत्याही कारणाने'. यात कंपनीने केलेली कपातही आली. म्हणजे प्रकल्प बंद झाला म्हणून दहाव्या महिन्यात घरी पाठवलं, तरी बोनस परत करा. ही अट मला वाजवी वाटूच शकत नाही. बोनस दिला तो तिने थांबावं म्हणून, आणि थांबू दिलं नाही ते कंपनीने. स्वतःहून राजीनामा, किंवा गैरवर्तन सिद्ध होऊन झालेली बडतर्फी, एवढ्या दोनच कारणांवर ही अट असावी. मंदी, कपात, पद रद्द होणं, गंभीर आजार, हे स्पष्ट शब्दांत वगळलेलं हवं. कामगिरी कमी पडली म्हणून प्रोबेशनमध्ये काढलं तर काय, हेही विचारा. सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

मुदत कशी मोजतात, हेही वाचायचं राहून जातं. काही लेटरमध्ये बारा महिने पूर्ण होताना 'तुम्ही नोटीस पिरियडमध्ये नसावं' असं लिहिलेलं असतं. नव्वद दिवसांची नोटीस असेल तर बारा महिने संपेपर्यंत राजीनामाच देता येत नाही, म्हणजे बारा महिन्यांचे पंधरा झाले. बोनस दोन हप्त्यांत असेल आणि मुदत प्रत्येक हप्ता मिळाल्यापासून मोजायची असेल, तर सहाव्या महिन्यात आलेल्या दुसऱ्या हप्त्याने तुम्ही अठराव्या महिन्यापर्यंत बांधले जाता. 'रुजू झाल्याच्या तारखेपासून शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत' असं लिहून घ्या.

कंपनीची बाजू मला कळते. लाखो रुपये आणि भरतीचा खर्च करायचा, आणि माणूस चौथ्या महिन्यात दुसरी ऑफर घेऊन निघून जायचा, हे मी पाहिलं आहे. एका वर्षाची, प्रमाणात कमी होत जाणारी अट मागणाऱ्या कंपनीला मी नावं ठेवणार नाही. पहिल्या मसुद्यात कडक भाषा असते, ती अनेकदा फक्त कोणी विचारलं नाही म्हणून तशीच राहते. सहीच्या आधी मागितलं तर 'प्रमाणात' आणि 'राजीनामा दिल्यासच' हे दोन बदल पुष्कळ कंपन्या करून देतात. कर वजा जाता रक्कम घ्यायला अकाउंट्सवाले कुरकुर करतात. तिथे ऐकलं नाही, तर बोनसचा काही भाग वर्ष पूर्ण झाल्यावर द्या असं सुचवा. जो पैसा अजून मिळालाच नाही, तो परत करायचा प्रश्न येत नाही.

भाचीने एचआरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "अहो मॅडम, ले-ऑफमध्ये आम्ही कधीच वसूल करत नाही, काळजी करू नका." हे ऐकून ती पुन्हा सहीला निघाली. मी तिला शेवटच्या पानावरची ओळ दाखवली: या पत्राआधी झालेली सगळी बोलणी, ई-मेल आणि आश्वासनं रद्द समजली जातील. तोंडी शब्द त्या ओळीने पुसला जातो, सहीआधी आलेला ई-मेलसुद्धा. तो शब्द देणारी व्यक्ती दोन वर्षांनी त्या कंपनीत असेल की नाही, तेही माहीत नाही. आता तिने दुरुस्त केलेलं ऑफर लेटरच मागितलं आहे, आणि ते येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही असं आमचं ठरलं आहे.