ब्रेकआउटनंतरचं १६१.८ : आकडा एक, टार्गेटं तीन

"मंडळी, एवढं पाठ करा. १) फिबो एकच आहे. खाली ओढली की रिट्रेसमेंट, वर ओढली की टार्गेट. २) ब्रेकआउट झाला की १६१.८ येतंच. ३) गोल्डन रेशो हा निसर्गाचा नियम आहे, ऑपरेटरलाही मोडता येत नाही. ४) म्हणून ब्रेकआउटला घ्या, १६१.८ ला विका, मधे चार्ट उघडू नका."

सोलापुरातल्या ट्रेडिंगवाल्यांत सध्या हा मेसेज एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर जातोय. चाटी गल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्यानं तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मालक, ह्यात खोट असली तर आत्ताच सांगा, उद्या पैसे लावायचेत." फिबो म्हणजे फिबोनाची आकड्यांच्या नावानं, गुणोत्तरं लावून चार्टवर ओढायच्या रेषा; ब्रेकआउट म्हणजे भाव आधीच्या उंचीच्या वर निघणं; आणि ऑपरेटर म्हणजे भाव हलवणारा मोठा खेळाडू. खोट चारही कलमांत आहे. पण मुळातली खोट पहिल्यात आहे, बाकीच्या तिच्यातूनच निघतात. म्हणून तिथंच जास्त थांबतो.

कलम पहिलं

हिशेबाला सोपा जावा म्हणून एक कल्पित शेअर घेऊ. तो ४०० वरून ५०० वर गेला, तिथून ४५० पर्यंत खाली आला, आणि मग ५०० च्या वर बंद झाला. ४०० ला अ म्हणू, ५०० ला ब, ४५० ला क.

रिट्रेसमेंटला दोनच बिंदू लागतात, अ आणि ब. शंभर रुपयांची चाल झालेली आहे. तिच्यातला किती भाग परत गेला, एवढंच ती मोजते. ३८.२ टक्के म्हणजे ४६१.८०, ५० टक्के म्हणजे ४५०, ६१.८ टक्के म्हणजे ४३८.२०. ह्या सगळ्या रेषा ४०० आणि ५०० च्या मधेच बसतात. ब ठरला त्याच दिवशी, शेअर किती खाली येणार हे कळायच्या आधी, त्या काढून ठेवता येतात.

एक्स्टेन्शनला, म्हणजे वरचं टार्गेट काढायच्या पद्धतीला, तिसरा बिंदू लागतो, आणि मेसेजमध्ये नेमका तोच गायब आहे. पहिल्या चालीची लांबी घ्यायची, तिला गुणोत्तरानं गुणायचं, आणि आलेला आकडा क मध्ये मिळवायचा:

```
टार्गेट = क + गुणोत्तर × (ब − अ)
```

आपल्या शेअरला १०० टक्क्यांचं टार्गेट ४५० + १०० = ५५० येतं आणि १६१.८ टक्क्यांचं ४५० + १६१.८० = ६११.८०. क ठरल्याशिवाय हे गणित सुरूच होत नाही. म्हणजे घसरण चालू असताना कुणी एक्स्टेन्शनचं टार्गेट सांगत असेल, तर त्यानं क स्वतःच्या मनानं धरलेला आहे.

आता मेसेजप्रमाणे रिट्रेसमेंटचीच रेषा वर ओढून बघा. ट्रेडिंगव्ह्यू ह्या चार्टच्या साइटवर `Fib Retracement` उलटं, म्हणजे ब पासून अ कडे ओढलं, की ५०० च्या वरही रेषा उमटतात. पण ते टूल ४०० पासून मोजतं, त्यामुळे त्याचं १६१.८ येतं ५६१.८० ला. तिथलंच `Trend-Based Fib Extension` तीन क्लिक मागतं आणि ६११.८० दाखवतं. तिसरी एक जमात आहे, ती थेट ब्रेकआउटच्या भावात मिळवते: ५०० + १६१.८० = ६६१.८०. एकच शेअर, एकच आकडा, आणि तीन टार्गेटं, एकमेकांपासून पन्नास-पन्नास रुपयांवर. मेसेज पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, तुमचं १६१.८ कुठून मोजलंय? उत्तर आलं नाही तर पुढचं वाचायची गरज नाही.

दोन्हीतला खरा फरक मात्र बिंदूंच्या संख्येपेक्षा खोल आहे. गाडी पुण्याहून सोलापूरला आली आणि परत फिरली, तर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर हे थांबे तिनं येताना पाहिलेले असतात. ती नळदुर्ग-उमरग्याकडे पुढं जाईल की नाही, हे मागच्या प्रवासावरून ठरत नाही. रिट्रेसमेंटच्या पट्ट्यात खरेदी-विक्री झालेली असते. ४६० ला कुणी माल घेतलाय, कुणाचा घ्यायचा राहून गेलाय, तिथं व्हॉल्यूम किती होता, हे चार्टवर दिसतं. ५०० च्या वर शेअर आयुष्यात पहिल्यांदाच जात असेल, तर ६११.८० ला आजवर एकही सौदा झालेला नाही. ती रेषा म्हणजे निव्वळ भागाकार-गुणाकार. आणि शेअर पूर्वी कधी वर जाऊन आला असेल, तर चार्ट डावीकडे सरकवा. ५८० ला जुना अडकलेला माल असेल, तर ६११.८० पेक्षा ५८० ची दखल आधी घ्यावी लागते.

कलम दुसरं

'येतंच' म्हणणाऱ्यानं क कसा हलतो ते बघितलेलं दिसत नाही. आपला शेअर ४५० पर्यंत खाली आला त्या दिवशी दुपारी त्यानं ४३८.२० चा तळ गाठला आणि बंद ४५० ला झाला असं धरा. सावली, म्हणजे दिवसातला तळ, धरणाऱ्याचा क ४३८.२०, बंद भाव धरणाऱ्याचा ४५०. दोघांच्या सगळ्या टार्गेटांत जवळजवळ बारा रुपयांचा फरक पडला. रिट्रेसमेंटच्या रेषा मात्र तसूभरही हलल्या नाहीत, कारण त्यांना क शी देणंघेणंच नाही.

ह्यातच एक गंमत लपलेली आहे. क ४३८.२० असेल तर ६१.८ टक्क्यांचं टार्गेट किती येतं? ४३८.२० + ६१.८० = बरोबर ५००. म्हणजे ब्रेकआउटचीच जागा. शेअर पहिल्या चालीच्या ६१.८ टक्के खाली आला असेल, तर ५०० च्या वर घेणाऱ्यासाठी पहिलं टार्गेट घेण्याआधीच संपलेलं असतं. घसरण उथळ असेल, समजा ३८.२ टक्क्यांवर थांबली, तर तेच टार्गेट ५२३.६० ला येतं. घसरण जितकी खोल, तितकी टार्गेटं ब्रेकआउटच्या जवळ सरकतात. रिट्रेसमेंट आणि एक्स्टेन्शनचं खरं नातं हे आहे: एकीनं दिलेला क दुसरीच्या सगळ्या रेषा ठरवतो.

ब सुद्धा हलतो. शेअर ५०६ ला जाऊन पुन्हा ५०० च्या खाली आला, की ब्रेकआउट फसला. मग पुष्कळ जण ब म्हणून ५०६ धरतात, नवा क शोधतात आणि टार्गेट पुन्हा काढतात. असं दोन-तीनदा केलं की कुठलं ना कुठलं १६१.८ लागतंच. ह्याला 'येतंच' म्हणायचं असेल तर म्हणा. खरंखोटं तपासायचं असेल तर ब्रेकआउटच्या दिवशी अ, ब, क हे तीन भाव तारखेसह वहीत लिहायचे आणि नंतर खोडायचे नाहीत. लिहिलेला क तुटला, म्हणजे भाव त्याच्या खाली गेला, तर त्या तीन बिंदूंचं टार्गेट रद्द. मग शेअर पुढं कितीही चढो, ते यश ह्या टार्गेटच्या खात्यात धरायचं नाही.

कलम तिसरं

हे थोडक्यात. पिसाच्या लिओनार्दोनं, म्हणजेच फिबोनाचीनं, १२०२ साली मांडलेली, आणि त्याच्याही आधी आपल्याकडे हेमचंद्रानं वृत्तांच्या मात्रा मोजताना दिलेली ती संख्यामालिका खरी आहे. तिच्यातल्या शेजारच्या संख्यांचा भागाकार १.६१८ कडे, म्हणजे गोल्डन रेशोकडे, जातो हेही खरं. बाजारात ती 'इलियट वेव्ह' मांडणाऱ्या राल्फ नेल्सन इलियटच्या लिखाणातून, १९३० आणि ४० च्या दशकांत शिरली. पण चार्टवरच्या रेषांची यादी बघा. १२७.२ हे १.६१८ चं वर्गमूळ आहे, ते नंतर जोडलेलं. १०० टक्के म्हणजे पहिल्या चालीएवढीच दुसरी चाल, तिच्यात सोनेरी असं काही नाही. ५० टक्के ही निम्म्यावर हिशेब करायची जुनी सवय.

एवढ्या रेषा असल्या की कुठली तरी लागणारच. आपल्या शेअरला ट्रेडिंगव्ह्यूच्या त्या दोन्ही टूलांनी ५०० च्या वरच्या रेषा काढल्या तर ५११.८०, ५२७.२०, ५५०, ५६१.८०, ५७७.२० आणि ६११.८० अशा सहा होतात. प्रत्येकीच्या खाली-वर पाच रुपये सूट दिली, म्हणजे साधारण एक टक्का, तर ५०७ ते ६१७ ह्या एकशे दहा रुपयांच्या पट्ट्यातले साठ रुपये झाकले जातात. शेअर ह्या पट्ट्यात डोळे मिटून कुठंही वळला, तरी अर्ध्याहून जास्त वेळा तो 'फिबोवरून वळला' असंच दिसेल. ऑपरेटरला ह्यात काही मोडायची गरजच पडत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. पुष्कळ लोक तीच रेषा बघून विक्रीच्या ऑर्डरी लावतात, त्यामुळे तिच्या आसपास भाव अडखळू शकतो. पण त्याचं कारण त्या ऑर्डरी आहेत, आणि त्याही रेषेच्या थोड्या अलीकडेच लागतात. ६११.८० लाच विक्री लावून बसणारा बऱ्याचदा ६०९ वरून परतलेला भाव बघत राहतो.

कलम चौथं

कापडवाल्या मित्राला मी कागदावर हे मांडून दाखवलं. खरेदी ५०२ ला. क तुटला की योजना संपते, म्हणून स्टॉपलॉस ४४८ ला. जोखीम ५४ रुपये. आता १०० टक्क्यांचं टार्गेट ५५०, म्हणजे नफा ४८. नफा जोखमीपेक्षा कमी! दलाली आणि कर धरले नाहीत तरी शंभरातले ५३ सौदे लागले तरच इथं मुद्दल सुटते. १६१.८ चं टार्गेट धरलं तर नफा जवळजवळ ११० होतो, आणि शंभरात ३३ लागले तरी भागतं.

मेसेजमध्ये १६१.८ च का, ह्याचं उत्तर बहुतेक इथं आहे. त्याच्या आतली टार्गेटं कागदावर परवडत नाहीत म्हणून लांबचं निवडलं जातं. पण लांबचं टार्गेट कागदावर परवडलं म्हणून ते जास्त वेळा लागत नाही. शंभरातले ३३ खरंच लागतात का, हे त्या वहीतल्या तारखांवरूनच कळणार, आणि त्यासाठी फसलेले ब्रेकआउटही तितक्याच इमानदारीनं लिहिलेले पाहिजेत.

'मधे चार्ट उघडू नका' हा सल्ला तर ह्या आकड्यांतच मोडतो. शेअर ५४६ पर्यंत गेला, १०० टक्क्यांच्या चार रुपये अलीकडे, आणि तिथून फिरला. चार्ट न उघडणाऱ्यासाठी पुढची बातमी ४४८ ची: ४४ रुपयांचा दिसणारा नफा जाऊन ५४ चा तोटा. अर्धा माल ५४८ च्या आसपास विकून उरलेल्याचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणायचा, की स्टॉप आधीच जवळ घ्यायचा, की सौदाच सोडून द्यायचा, ह्यावर मतं वेगळी असू शकतात. अर्धा माल ५४८ ला विकायचं ठरवलं असतं तर तोही ५४६ वर अडला असता, हेही मी त्याला सांगितलं.

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "म्हणजे घसरण कमी झालेला शेअर शोधायचा?" ३८.२ च्या आसपास थांबलेल्यात क वर असतो, स्टॉप जवळ येतो आणि टार्गेटं लांब जातात, तेव्हा गणित सुधारतं खरं. आपल्याच शेअरचा क ४६१.८० असता तर स्टॉप ४६० ला, जोखीम ४२, आणि १०० टक्क्यांचं टार्गेट ५६१.८०, म्हणजे नफा जवळजवळ साठ. फक्त स्टॉप जवळ आला की तो उडायची शक्यताही वाढते, आणि ते ह्या कागदावर कुठंच दिसत नाही.