लॉक काढल्यानं रेंज नाही, धोका वाढतो

"स्कूटरची बॅटरी ३ युनिटची सांगतात. चार्जिंगला मीटरवर साडेतीन पडतात अन् पळायला अडीचच मिळतात. बाकीची कंपनीनं सॉफ्टवेअरनं दाबून ठेवली. लॉक काढून घ्या, रेंज वाढंल."

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज वाचून कुणी खरंच बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बायपास करून घेऊ नये, म्हणून लिहितोय.

आधी मीटरचं. मीटर भिंतीतून गेलेली वीज मोजतं. त्यातली काही चार्जरमध्ये आणि सेल भरताना उष्णता होऊन जाते. चार्जर हाताला गरम लागतो तो त्यामुळंच. ही वीज बॅटरीत साठलेलीच नसते.

आता ३ युनिट येतात कुठून? समजा, पॅकमध्ये सेलचे १४ गट एकामागे एक जोडलेत. प्रत्येक गट ६० अँपिअर-अवरचा, सरासरी ३.६५ व्होल्टचा. गुणाकार केला की ३०६६ वॉट-अवर, म्हणजे साधारण ३ युनिट. पण सेलची ही क्षमता मोजतात २५ अंशांच्या आसपास, सावकाश रिकामा करत, अगदी तळापर्यंत. गाडी तेवढ्या सावकाश वीज घेत नाही. डबलसीट चढ चढताना व्होल्टेज दबतं आणि खालची मर्यादा लवकर येते.

खरी मेख सगळ्यात कमजोर गटात आहे. समजा १३ गट ६० देतात आणि एक ५६. सगळ्यांतून करंट एकच वाहतो, म्हणून ५६ ला तो गट रिकामा होतो. उरलेल्या तेरांत मिळून ०.२ युनिट शिल्लक असते, पण ती काढायची तर करंट त्या रिकाम्या गटातूनच जाणार. बीएमएस गाडी थांबवतं ते इथं. ते बायपास केलं तर त्या गटाचं व्होल्टेज शून्याखाली उलटं होऊ शकतं. आतली तांब्याची पट्टी विरघळते, पुढच्या चार्जिंगला ते तांबं भलतीकडं जमतं आणि सेल आतून शॉर्ट होतो. अशा चार्जिंगच्या वेळी आग लागू शकते.

वरची थोडी जागा रिकामी ठेवतात ती आयुष्यासाठी. काठोकाठ भरलेला सेल उन्हात लवकर म्हातारा होतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो.

कंपन्या ही मर्यादा सॉफ्टवेअरनं हलवू शकतात, हे खरं आहे. ऑडी ई-ट्रॉन या इलेक्ट्रिक कारच्या ९५ युनिटच्या बॅटरीत आधी ८३.६ वापरता यायचे, पुढं ८६.५. पण तेव्हाही त्यांनी वर-खाली जागा राखलीच.

जाहिरातीत नुसता मोठा आकडा छापतात, यावरचा राग मात्र रास्त आहे. फोक्सवॅगनच्या आयडी.३ कारच्या एका मॉडेलला ६२ पैकी ५८ वापरता यायचे, हे उघड सांगितलेलं होतं. स्कूटर घेताना तसाच वापरता येणारा आकडा लेखी मागा.

आणि रेंज अचानक घटली, १५-२० टक्के दिसत असताना चढावर गाडी बंद पडली, थोडं थांबल्यावर पुन्हा चालू झाली, तर कमजोर गटाचा संशय घ्या. सर्व्हिस सेंटरला बॅटरी जवळजवळ रिकामी असताना प्रत्येक गटाचं व्होल्टेज दाखवायला सांगा. भरलेल्या बॅटरीत हा फरक बहुतेक वेळा दिसत नाही. एक गट बाकीच्यांच्या बराच खाली दिसला, तर त्याच नोंदीवर वॉरंटीत दाद मागा.