शून्य बाइटची वरात

आमच्या लॅपटॉपची डिस्क १२८ जीबीची. विंडोज तिला ११९ जीबी म्हणतं. हा हिशेबाच्या पद्धतीतला फरक आहे हे मला माहीत आहे, पण सांगलीच्या माणसाला मापात घट दिसली की पोटात कालवतंच. त्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाचं चित्रीकरण ४१ जीबी. परवा सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झाली, आणि मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मामा, तो फोल्डर वनड्राइव्हमध्येच आहे ना? मग सोपं आहे. आधी बघा, सगळ्यावर हिरवी टिकमार्क आहे का? गोल फिरणारे बाण असतील तर थांबा, अजून वर चढतंय. टिकमार्क असेल तर राइट क्लिक करा आणि `Free up space` म्हणा."

(वर, म्हणजे इंटरनेटवरच्या वनड्राइव्हमध्ये, एक टीबी जागा आहे, ती या भाच्याच्याच कृपेने. फुकटच्या पाच जीबीत आमच्याकडची वरात मांडवापर्यंतसुद्धा पोचली नसती.)

म्हटलं. हिरव्या टिकमार्कांच्या जागी निळे ढग आले आणि डिस्कवर ४१ जीबी मोकळे झाले. फायली मात्र जागच्या जागी, नावानिशी दिसत होत्या. इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मी फोल्डरवर राइट क्लिक करून `Properties` उघडलं. `Size` ४१ जीबी. त्याच्या खाली `Size on disk`: `0 bytes`.

शून्य! म्हणजे ही नुसती टरफलं राहिली आहेत, शेंगा वर गेल्या, अशी माझी खात्री पटली. मग हा कचरा इथे कशाला? सगळं निवडलं, डिलीट दाबलं. मध्ये एक पाटी आली. पाट्या वाचायची सवय आपल्याला नाही, `Yes` केलं.

संध्याकाळी मोबाइलवर वनड्राइव्ह उघडलं तर तिथेही लग्न नाही. लॅपटॉपचं रिसायकल बिन पाहिलं, तेही रिकामं.

"अहो, वन्संच्या लग्नाचं काय केलंत?" ही वार्ता बायकोला कशी कळते, देव जाणे.

भाचा फोनवर आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मामा, टरफल नव्हतं ते. फाइल एकच असते, फक्त तिचा मजकूर वर ठेवलेला. इथली पुसली की वरचीही जाते. जागा करायची तर `Free up space`, डिलीट नाही. आता ब्राउझरमध्ये वनड्राइव्हची साइट उघडा, तिथलं रिसायकल बिन वेगळं असतं. घरगुती खात्यात तीस दिवस माल राहतो."

होता! अख्खं वऱ्हाड तिथे बसून होतं. `Restore` केलं, आणि थोड्या वेळाने लॅपटॉपवर निळे ढग परत उगवले.

आता मी शहाणा झालो. म्हणजे, सुरक्षित असावं म्हणून फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायला घेतला. कॉपी करायची तर मजकूर आधी खाली यायला हवा. तो येत गेला, ढगांच्या टिकमार्का होत गेल्या आणि रात्रभरात डिस्कची पट्टी पुन्हा लाल. मुकाट्याने कॉपी थांबवली आणि परत `Free up space` केलं. या खेपेला भाच्याला फोन केला नाही. माणसाला अब्रू असते.

हा सगळा प्रकार अण्णा, माझे वडील, झोपाळ्यावरून बघत होते. अण्णांनी जन्मभर हळदीचा व्यापार केला, माल जमिनीखालच्या पेवांत साठवून. म्हणाले, "एवढं काय अवघड आहे? हरिपूरचं पेवच की हे. हळद पेवात, घरात चिठ्ठी. तू चिठ्ठी फाडलीस."

मी गप्प. चाळीस मिनिटं भाच्याने जे समजावलं, ते अण्णांनी झोपाळ्याच्या एका हेलकाव्यात उरकलं.

"बरं, लाव आता. विहिणींची पंगत बघू."

मी सहा जीबीच्या फायलीवर डबल क्लिक केलं. फाइल खाली उतरायला लागली. आमच्या नेटचा वेग १० एमबीपीएस. म्हणजे नीट चाललं तरी सव्वा तासाहून जास्त. अण्णा रागावतील म्हणून मी घाबरत घाबरत सांगितलं.

"असू दे," अण्णा म्हणाले, "पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं, माणूस गुदमरतो. आधी हवा खेळू द्यायची." आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "सूनबाई, तोवर भडंग आण गं."