गादी ओली होते, पण ‘आळशी’ कोण?

“सात वर्षांचं पोर गादी ओली करतं म्हणजे आळस, दुसरं काही नाही. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करा, रात्री दोनदा उठवून शू करायला न्या, चादर त्यालाच धुवायला लावा. चारचौघांत जरा लाज वाटली की महिन्याभरात सवय सुटते.”

असा सल्ला पालकांना अनेकदा ऐकावा लागतो. पण सवय ही जागेपणीची गोष्ट. हे घडतं गाढ झोपेत. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूला जातो, पण त्या निरोपानं मुलाला जाग येत नाही. त्यात रात्री लघवी जास्त तयार होत असेल किंवा मूत्राशयात कमी मावत असेल, तर गादी ओली होणारच. सातव्या वर्षी दर दहा ते वीस मुलांमागे एखाद्याचं असं होतं, आणि आई किंवा वडिलांचं लहानपणी झालं असेल तर शक्यता बरीच वाढते. घरात कुणाला आठवत असेल तर मुलाला जरूर सांगा. त्याला वाटत असतं, जगात असं फक्त आपलंच होतं.

पाण्याचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. झोपण्याआधीचा तासभर काही न पिणं ठीक, चहा आणि कोला तर नकोच. पण पाचला पाणी तोडलं तर शाळेत जेमतेम अर्धी बाटली संपवणारं मूल दिवसभर तहानलेलंच राहतं. लघवी घट्ट होते, शौचाला खडा होतो, आणि साठलेला मळ मूत्राशयावर दाब देतो. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पेयं हवीत, त्यातली बहुतेक दुपार कलेपर्यंत पोटात जायला हवीत.

रात्री लघवी जास्त होतेय की मूत्राशय लहान पडतंय, हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. सुट्टीचे दोन दिवस मूल मापाच्या भांड्यात शू करेल आणि तुम्ही आकडा लिहाल. वयात एक मिळवून तिसानं गुणलं की अपेक्षित क्षमता मिळते : सातव्या वर्षी २४० मिली. समजा, दिवसातली सर्वांत मोठी शू १३० मिली भरली (सकाळची पहिली यात धरायची नाही). रात्री डायपर घातला. कोरा ४० ग्रॅम होता, सकाळी १९० भरला. म्हणजे झोपेत १५० मिली. उठल्यावर आणखी ९०. रात्रीची एकूण लघवी २४० मिली झाली. ती अपेक्षित क्षमतेच्या १३० टक्क्यांच्या, म्हणजे साधारण ३१० मिलीच्या पुढे गेली असती तर रात्री लघवी जास्त होते असं म्हटलं असतं. इथे तसं नाही, मूत्राशयच लवकर भरतंय. या मुलाचं पाणी तोडून काय साधणार? त्याला दिवसा दर दोन-तीन तासांनी शू, झोपण्यापूर्वी एकदा, आणि बद्धकोष्ठ असेल तर आधी त्यावर डॉक्टरांकडून उपाय, हे हवं.

रात्री उचलून नेल्यानं चादर वाचते, हे खरं. पण मूल अर्धवट झोपेतच शू करतं आणि जागं होणं शिकत नाही. ते शिकवतो अलार्म : चड्डीतल्या सेन्सरला ओल लागताच तो वाजतो. पहिले काही आठवडे मूल त्यानंही उठत नाही. पालकांनी उठून त्याला पूर्ण जागं करायचं आणि उरलेली शू बाथरूममध्ये करवून घ्यायची. बरेच जण दहा दिवसांत कंटाळून अलार्म कपाटात टाकतात आणि तो बिनकामाचा ठरवतात. तो रोज रात्री लावायचा, सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत, आणि त्याला तीनेक महिने लागू शकतात. सुरुवातीला ओला डाग लहान होणं हीच प्रगती.

लाजेचं म्हणाल तर तिचा मूत्राशयावर काडीचा परिणाम होत नाही. मूल फक्त ओली चड्डी गादीखाली लपवायला शिकतं. बक्षीस द्यायचं तेही कोरड्या रात्रीला नको, कारण ती त्याच्या हातात नाही. पाणी वेळेवर प्यायला, झोपण्यापूर्वी शू केली, याला द्या. चादर उचलायला मदत करू दे, पण शिक्षा म्हणून नको. गादीवर प्लास्टिक, चादर, पुन्हा प्लास्टिक, चादर असे थर आधीच घाला. रात्री तीनला वरची जोडी ओढून काढली की खालची कोरडी तयार असते. दिवा लागत नाही, धाकट्याला जाग येत नाही. “चड्डी बदल, झोप,” एवढंच बोला.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, दिवसाही चड्डी ओली होत असेल, शू करताना जळजळ होत असेल किंवा रोज रात्री जोरात घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. अचानक खूप तहान लागून वजन उतरू लागलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.