आठ पार्सलांवरून पिनकोड ब्लॉक करू नका

«ऑनलाइन विकणाऱ्यांनो, मागच्या तीन महिन्यांची ऑर्डर शीट काढा. ज्या पिनकोडवर आरटीओ ३० टक्क्यांच्या वर, तो सरळ ब्लॉक. ईशान्य भारत तर आधीच बंद करा, तिथे नफा शिपिंगमध्येच जातो. डिलिव्हरीला सात दिवसांपेक्षा जास्त लागणारे पिनकोडही काढून टाका. पुढच्याच महिन्यात फरक दिसेल.»

मी कोल्हापुरातून चपला विकतो. आरटीओ म्हणजे ग्राहकापर्यंत न पोचता आमच्याकडे परत आलेली पार्सलं. हा मेसेज मला आठवड्याभरात चार ग्रुपांवर आला, आणि पहिल्यांदा आला तेव्हा मी तसं करूनही पाहिलं. फरक दिसला खरा. ऑर्डरी कमी झाल्या.

टक्क्यांपासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. छोट्या विक्रेत्याची शीट पिनकोडनुसार लावली की दिसतं ते असं: मोजक्या पिनकोडवर पन्नास-साठ पार्सलं, आणि खाली लांबलचक शेपूट, जिथे दोन, पाच, आठ. माझ्याकडे ४३१ ने सुरू होणारा एक पिनकोड होता. आठ पार्सलं गेली, तीन परत आली. म्हणजे साडेसदतीस टक्के, केला ब्लॉक.

आता समजा त्या गावचा खरा परतीचा दर वीसच टक्के आहे. तरीही निव्वळ योगायोगाने आठांतली तीन किंवा जास्त पार्सलं परत येण्याची शक्यता साधारण वीस टक्के निघते. आठ-आठ पार्सलांचे अगदी एकसारखे शंभर पिनकोड घेतले, तर त्यातले वीसेक दर तिमाहीला «वाईट» ठरणार, आणि पुढच्या तिमाहीला दुसरेच वीस. ज्यांचं नशीब त्या तिमाहीत फिरलं त्यांना आपण दारं लावतोय.

मग लहान पिनकोडचं करायचं काय? उत्तर पिनकोडच्या रचनेतच आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यापर्यंत आलं की टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन त्या पोस्ट ऑफिसचे. म्हणून आधी पहिले तीन आकडे वेगळे काढा. पत्त्यात लोक «४३१ ००१» असं मध्ये जागा सोडून लिहितात, ती आधी काढावी लागते, नाहीतर एकच पिनकोड शीटमध्ये दोनदा मोजला जातो. पहिलं सूत्र D मध्ये टाका, ते जागा काढलेला पिनकोड देतं, आणि दुसरं त्याचे पहिले तीन आकडे:

```
=SUBSTITUTE(C2," ","")
=LEFT(D2,3)
```

या तीन आकड्यांच्या गटाचा दर काढा आणि लहान पिनकोडचा दर त्याच्याकडे थोडा ओढून घ्या. E मध्ये पार्सलं, F मध्ये परत आलेली, G मध्ये गटाचा दर:

```
=(F2+20*G2)/(E2+20)
```

वीस हा आकडा माझ्या अंदाजाचा. स्वतःची वीस पार्सलं जमेपर्यंत पिनकोडपेक्षा परिसरावर जास्त विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या ४३१ गटाचा दर वीस टक्के होता. त्या आठ पार्सलांच्या गावाला हे लावलं की साडेसदतीसचे पंचवीस होतात. उलट पुण्याच्या कडेला ४१२ ने सुरू होणारा एक पिनकोड आहे, नव्या सोसायट्या आणि पीजींचा. तिथे साठ पार्सलांतली चोवीस परत, म्हणजे चाळीस टक्के. गटाचा दर तिथेही वीसच, पण ओढून घेतल्यावरही पस्तीस उरले. हा पिनकोड खरंच बघण्यासारखा.

एक सावधगिरी. गेल्या महिन्याभरातल्या ऑर्डरी या हिशेबात धरू नका. पोचलेलं पार्सल चार-पाच दिवसांत «डिलिव्हर्ड» दिसतं, पण परतीचं पार्सल तीनदा फिरून, हबवर पडून, मग निघतं. ताजा महिना म्हणून नेहमी खोटा चांगला दिसतो, लांबचे पिनकोड तर फारच. ऑर्डर पडून महिना उलटला असेल, तीच मोजावी.

मुळात ती तीसची रेघ आली कुठून? प्रत्येकाच्या मालाची रेघ वेगळी असते, आणि ती पाच मिनिटांत काढता येते. माझे आकडे गोल करून सांगतो. एका जोडामागे, चपलेचा खर्च वजा जाता, चारशे रुपये सुटतात. ऑर्डर मिळवायला जाहिरातीचे शंभर जातात, आणि ते पार्सल परत आलं तरी गेलेच. जायचं भाडं नव्वद, यायचं नव्वद, परत आलेला डबा बदलायला वीस. शंभरातली तीस परत आली तर प्रत्येक पाठवलेल्या पार्सलमागे तरीही सत्तावन्न रुपये उरतात. नफा शून्यावर येतो तो एकेचाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पस्तीसवाला पिनकोड ब्लॉक करून मी तोटा वाचवत नव्हतो, कमाईच सोडत होतो. तुमचा जोड दीडशेच्या फरकावर विकला जात असेल तर तुमची रेघ खूपच खाली असेल. दुसऱ्याची रेघ उचलून काही उपयोग नाही.

आता त्या चाळीसवाल्या पिनकोडकडे. परतीची कारणं बघितली तर बहुतेकांवर एनडीआरचा, म्हणजे पार्सल का पोचलं नाही त्या नोंदीचा, एकच शेरा: «ग्राहक उपलब्ध नाही». मी दहा-बारा ग्राहकांना फोन लावले. एक ताई म्हणाल्या, «अहो दादा, मी दिवसभर घरीच होते, कुणी आलंच नाही. फोनसुद्धा नाही.» मग पॅनेलवर शेऱ्यांच्या वेळा उघडल्या. एकाच दिवशीची सहा पार्सलं, सहाही शेरे संध्याकाळी साडेसातनंतरच्या काही मिनिटांत पडलेले. सहा वेगवेगळ्या सोसायट्यांच्या दारात माणूस इतक्या वेळात पोचत नाही. तो हबवर बसून शेरे मारत होता.

शीट कुरिअरनुसार फोडली तेव्हा कोडं सुटलं. साठही पार्सलं सीओडी. त्यातली छत्तीस एका कुरिअरकडून गेली, एकोणीस परत. चोवीस दुसऱ्याकडून गेली, पाच परत. एकाचा दर त्रेपन्न, दुसऱ्याचा एकवीस. कुरिअरचं नाव घेत नाही, कारण त्याच कंपनीचं काम मला सांगली-मिरजेत उत्तम मिळतं. बिघडला होता तो एक हब. अनेक कुरिअर एकाच ठिकाणी देणाऱ्या अॅग्रीगेटरच्या पॅनेलमध्ये पिनकोडनुसार कुरिअरचा क्रम ठरवता येतो, तो फिरवला. पिनकोड ब्लॉकच ठेवला असता तर त्या ताई आणि त्यांचे शेजारी कायमचे गेले असते.

खेड्यांत याच्या उलट होतं. एका पिनकोडखाली एका पोस्ट ऑफिसची कितीतरी गावं येतात. «मु. पो.» मध्ये मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं असतं ते त्यामुळेच. कुरिअरचा माणूस तालुक्याला थांबतो आणि «इथे येऊन घेऊन जा» म्हणतो. तिथे पिनकोडचा एकच दर लावला तर तालुक्याच्या गावाचं चांगलं आणि वाडीचं वाईट एकमेकांत मिसळून जातं. अशा ठिकाणी मी स्पीड पोस्टने पाठवतो, पोस्टमनला वाडी माहीत असते. आणि ९ ने सुरू होणारे पिनकोड दिसले तर चक्रावू नका, ते सैनिकी टपालाचे. आमच्या भागातले जवान तिथून चपला मागवतात. खाजगी कुरिअर तिथे पोचवतच नाही, त्यामुळे ती पार्सलं परत आली तर दोष पाठवणाऱ्याचा.

ईशान्येचा मुद्दा लवकर आटपतो. भाडं जास्त आहे, खरं आहे. पण मोजायचं ते पोचलेल्या पार्सलमागचं भाडं. गुवाहाटीला माझे दीडशे पडतात, पण तिकडचे ग्राहक बहुतेक आगाऊ पैसे भरणारे, शंभरात पाच परत. जायचं-यायचं धरून पोचलेल्या जोडामागे १६६ रुपये. पुण्याजवळच्या त्या पिनकोडला नव्वदच भाडं, पण चाळीस टक्के परतीसह पोचलेल्या जोडामागे २१०, डबे बदलायचे वेगळेच. महाग कोण ते बघा.

शिवाय भाड्याचा बराच भाग पिनकोडचा नव्हताच, डब्याचा होता. माझा जुना डबा ३० गुणिले २० गुणिले १० सेंटिमीटर. गुणाकार सहा हजार, पाच हजारांनी भागला की आकारमानी वजन १.२ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे बिल दीड किलोचं. चपला प्रत्यक्षात त्याहून हलक्या. डबा २९ गुणिले १८ गुणिले ९ केला, वजन ०.९४, बिल एक किलोचं. वरचं दीडशे नव्या डब्याचं भाडं आहे. लांबच्या झोनमध्ये प्रत्येक टप्प्याचा दर जास्त असल्याने सगळ्यात जास्त वाचले ते गुवाहाटीलाच.

सात दिवसांबद्दल एकच विचारतो: सात कधीपासून? मी ऑर्डर, पिकअप, पहिला प्रयत्न आणि डिलिव्हरी, या चार तारखांचे वेगळे रकाने केले. नागपूरकडचे पिनकोड हळू वाटत होते. बघितलं तर प्रवासाला चार दिवस, आणि ऑर्डर ते पिकअप तीन. शुक्रवारी रात्री आलेली ऑर्डर मी सोमवारी भरत होतो. ते तीन दिवस माझे, नागपूरचे नव्हेत. पहिल्या प्रयत्नानंतरचा उशीरही वेगळा काढा, कारण «रविवारी आणा» हे ग्राहकच सांगतो. आणि सरासरी फक्त पोचलेल्या पार्सलांची काढू नका. जी अजून वाटेत अडकलीत ती त्यात येतच नाहीत, आणि सगळ्यात उशिराची तीच असतात.

इतकं सगळं करून माझ्या यादीत बंद करण्यासारखे चार पिनकोड उरले. चाळीसपेक्षा जास्त पार्सलं, दोन्ही कुरिअरकडून तसाच दर, आगाऊ पैसे भरणाऱ्यांचं ठीक, सीओडीचं मात्र पन्नासच्या वर. तिथे मी फक्त सीओडी बंद केली आहे. आठ पार्सलांचं ते ४३१ चं गाव पुन्हा उघडलं, त्यानंतर तिथे अकरा गेलीत. दोन परत आली, त्यातलं एक माझ्याच चुकीच्या मापामुळे.