विषय: व्हिडिओंचे बारसे करणेबाबत

मा. मुख्याध्यापक सर यांस,

सविनय नमस्कार. हा अर्ज रजेचा नाही, त्यामुळे चष्मा काढून बाजूला ठेवू नये ही विनंती.

मंगळवारी तिसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात काय झालं ते आपल्या कानावर आलंच असेल. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. त्रिकोणमितीचा दुसरा भाग दाखवायचा होता. पडद्यावर हे उमटलं:

```
VID-20250711-WA0007.mp4
trikonmiti final.mp4
trikonmiti final 2.mp4
नवीन व्हिडिओ (3).mp4
शेवटचा.mp4
```

पाचही माझेच. बाप मीच, पण एकाही लेकराला ओळखेना. म्हटलं, दुसरा भाग हाच शेवटचा, म्हणून "शेवटचा" लावला. पडद्यावर मी प्रकटलो आणि हसून म्हणालो, "मुलांनो, आज आपण त्रिकोणमितीला सुरुवात करू." पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, हे झालंय खरं." त्याचं झालं असं, की पहिला भाग मी घरी तीनदा घेतला होता. एकदा कुकरची शिट्टी मधे आली. एकदा गल्लीतून भंगारवाला गेला. सीमाभागात धंदा करायचा म्हणून तो एकच आरोळी मराठीत आणि कन्नडात अशी दोनदा मारतो. तिसऱ्यांदा जमलं, म्हणून "शेवटचा". म्हणजे नाव व्हिडिओला पडलं नव्हतं, माझ्या वैतागाला पडलं होतं. तेव्हा "शेवटचा", "नवीन", "फायनल" आणि "फायनल २" या शब्दांना शाळेत प्रवेशबंदी असावी, ही पहिली मागणी.

दुसरी गोष्ट आकड्यांची. विज्ञानाच्या बाईंनी शिस्तीत "धडा 1" ते "धडा 12" अशी नावं दिली होती. घरच्या संगणकावर ती क्रमाने दिसली, म्हणून बाई निश्चिंत. वर्गातल्या टीव्हीवर मात्र एक, दहा, अकरा, बारा आणि मग दोन. टीव्ही बिघडलेला नाही, दुरुस्तीवाल्याला बोलावू नये. संगणक आकडा पुरा वाचतो, हा टीव्ही शब्दकोशासारखा एकेक अक्षर बघतो. "10" मधला एक त्याला आधी दिसतो, म्हणून तो दोनच्या आधी. `01`, `02` असं दोन अंकी लिहिलं की भांडण मिटतं. एका शून्याचा प्रश्न आहे. त्यापायी मुलांनी दुसऱ्या धड्याआधी दहावा बघितला आणि आपलंच डोकं चालत नाही असं धरून चालली.

आता नाजूक मुद्दा. प्रत्येक व्हिडिओच्या नावात आधी संस्थेचं, मग शाळेचं, मग गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी विषय लिहावा, असा आपला गेल्या वर्षीचा आदेश आहे. आदेश मी पाळला. परवा रात्री साडेनऊला एका विद्यार्थ्याचा फोन. "सर, कवापासनं शोधूलालोय, सगळे व्हिडिओ एकच हैत." मी मोबाईलवर यूट्यूब उघडून बघितलं. पोरगं खरं बोलत होतं. यादीत नावाच्या दोनच ओळी दिसतात, आणि आपल्या दोन ओळी तालुक्यातच संपतात. विषयापर्यंत पोचायला तिसरी ओळ लागते, ती यूट्यूब दाखवत नाही.

शिवाय यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांचीच जागा. आपण "त्रिकोणमिती"त पाच अक्षरं मोजतो. यंत्र काना, वेलांटी, पाय मोडलेला त, सगळं सुटं मोजतं. त्याच्या हिशेबी ती अकरा होतात. आपल्या संस्थेचं नाव जोडाक्षरांनी समृद्ध आहे. मी पेन्सिलीने मोजलं: संस्था, शाळा आणि पत्ता मिळून ६२. उरलेल्या ३८ त पायथागोरस बसवून बघा. शाळेचं नाव पुसा असं मी म्हणत नाही. ते चॅनेलचं नाव म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली आपोआप येतंच. संस्थेचा इतिहास वर्णनात घालू, तिथे अध्यक्षांच्या वडिलांचंही नाव मावेल. शीर्षक मात्र असं असावं:

```
दहावी गणित 11.02 त्रिकोणमिती: 30°, 45°, 60° च्या किमती
```

अकरा हा पुस्तकातल्या धड्याचा नंबर धरला आहे, दोन हा त्यातला भाग. पोराला काय हवं ते पहिल्या ओळीतच कळतं.

संगणकातल्या फाइलीचं नाव वेगळं, `10_GAN_11_02.mp4` असं रुक्ष. यावर मराठीच्या सरांनी स्टाफरूममध्ये आवाज चढवला, की मराठी शाळेत इंग्रजी अक्षरं का? तर कन्नडच्या बाई कन्नड लिपीत नाव देतात, मी देवनागरीत, इंग्रजीचे सर इंग्रजीत. एका फोल्डरात तिघांचे तीन कळप होतात. त्यात मी कधी `10` लिहितो, कधी `१०`. आपल्याला ते एकच, यंत्राला ती निरनिराळी अक्षरं. पाटी कुठल्या लिपीत यावरून काय काय होतं ते आपण सगळे बेळगावात जन्मल्यापासून बघतोय, ते फोल्डरात आणायला नको. फाइलीवर नुसते आकडे आणि विषयाची तीन अक्षरं: `GAN`, `KAN`, `MAR`. शीर्षक ज्याने त्याने आपल्या भाषेत ताठ मानेने द्यावं. आणि "10/अ" असं फाइलीला देता येत नाही, ती तिरकी रेघ विंडोज घेत नाही. तुकडीवरून रुसलेल्या सरांना हे आपणच सांगावं.

प्लेलिस्टचं दुखणं निराळं. एकीचं नाव आहे "यंदाचे व्हिडिओ". ती २०२१ मध्ये केली. यंदा दरवर्षी येतं, प्लेलिस्ट तिथेच बसलेली. पुस्तक बदललं की धड्यांचे नंबर सरकतात, आणि मुलं जुना अकरावा धडा नव्या अकराव्याच्या जागी पाठ करतात. म्हणून `दहावी गणित 2025-26` असं सालासकट नाव हवं. दुसरीचं नाव "पाटील सर". आपल्या शाळेत पाटील सर तीन. त्या प्लेलिस्टमध्ये बहुपदीनंतर सूर्यनमस्कार येतात. यादीतला क्रम यूट्यूब नावावरून लावत नाही, हातानेच वर-खाली ओढावा लागतो. हे काम एकाकडेच द्यावं, नाहीतर एक ओढणार आणि दुसरा परत ढकलणार.

एक कळकळीची विनंती. नाव चुकलं तर नाव बदलावं, व्हिडिओ काढून पुन्हा चढवू नये. नाव बदललं तरी लिंक तीच राहते. पुन्हा चढवला की लिंक नवी, आणि पालकांच्या ग्रुपवर पाठवलेली जुनी मेली. मी मागच्या सहामाहीच्या आदल्या रात्री शुद्धलेखनाची एक वेलांटी सुधारायला हेच केलं. त्या रात्री मला किती फोन आले ते मराठीच्या सरांना सांगू नये. वेलांटी त्यांनीच दाखवली होती.

एकूण २१२ व्हिडिओ आहेत. मी १० ची नावं बदलून बघितली, अर्धा तास लागला. त्यातला निम्मा वेळ आत काय आहे ते बघण्यात गेला. तेव्हा शनिवारी सकाळच्या शाळेनंतर तीन आठवडे संगणक कक्षाची किल्ली आणि सोबत एक शिक्षक मिळावा. पीटीचे पाटील सर मिळाले तर बरं. त्यांचे सूर्यनमस्कार त्यांनाच ओळखता येतील, मला बारा व्हिडिओंत बाराही सारखे दिसतात.

आपला नम्र,
पाटील सर
(गणिताचे. विज्ञानाचे दुसरे.)