उरलेल्या नऊ ग्रॅममध्ये काय आहे?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचे 'बाळांसाठी शंभर टक्के वनौषधीयुक्त' क्रीम मी माझ्या आठ महिन्यांच्या मुलीच्या गालांना आणि उजव्या पायाला लावले. डाव्या पायाला तिची आजी नेहमीचे खोबरेल तेल लावत होती. दोन दिवसांत गाल आणि उजवा पाय लालभडक झाले, त्यावर बारीक पाणीदार पुळ्या आल्या आणि ती रात्रभर खाजवून रडू लागली. डाव्या पायावर मात्र एक ठिपकाही नाही. पुरळ जिथे क्रीम तिथेच उठले आहे, हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

तरीही आपल्या ग्राहक सेवेतील बाईंनी मला शांतपणे सांगितले, "मॅडम, अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, वापर थांबवू नका." तान्ह्या मुलीला न पाहता, फोनवरून, सोलवटलेल्या कातडीवर तेच क्रीम पुन्हा चोळण्याचा सल्ला देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? त्वचारोगतज्ज्ञांनी क्रीम त्याच दिवशी बंद करायला लावले आणि हा स्पर्शजन्य त्वचादाह असल्याचे लिहून दिले. अशी ॲलर्जी लावल्याबरोबर दिसत नाही, बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटते, हेही त्यांच्याकडूनच कळले. म्हणजे 'आधी कानामागे लावून दहा मिनिटे पाहा' ही वेष्टनावरची आपली सूचनाही निरुपयोगीच.

नेमके कशाने झाले, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी ट्यूब पुढे केली. दहा ग्रॅममध्ये कोरफड ४००, कडुनिंब २००, मंजिष्ठा २००, हळद १०० आणि ज्येष्ठमध १०० मिलिग्रॅम, असे तिथे ऐटीत छापले आहे. बेरीज होते एक ग्रॅम. उरलेल्या नऊ ग्रॅमसाठी आपण तीन शब्द खर्च केले आहेत: 'क्रीम बेस आवश्यकतेनुसार'. या ट्यूबला येणारा गुलाबाचा उग्र वास पाचांपैकी कोणत्या वनस्पतीचा आहे? पाणी असलेले क्रीम महिनोन्महिने बुरशीविना टिकते, ते कोणत्या परिरक्षकामुळे? सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके ही अशा ॲलर्जीची नेहमीची कारणे असताना नेमकी तीच आपण झाकून ठेवली आहेत. वनस्पतींचीही ॲलर्जी येऊ शकते, तेव्हा 'दुष्परिणाम नाहीत' हे ठळक वाक्य कशाच्या आधारावर छापले, तेही सांगावे.

ट्यूबचे पैसे परत करून माझी बोळवण करू नये. बेसमधील प्रत्येक घटकाचे नाव मला लेखी हवे आहे, कारण त्या नावांवाचून डॉक्टरांना पुढे चाचणी नेमकी कशाची करायची आणि मला मुलीला कशापासून जपायचे, हे ठरवता येणार नाही. ट्यूब, वेष्टन आणि पावती मी जपून ठेवली आहे. बॅच क्रमांक व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील.

कळावे,
एक संतप्त आई